अप्रेंटिसला कायम करण्याचं आधीच लिहून द्यावं का?

भोसरीकर: सीएनसी वर्कशॉप आहे, अठरा कामगार. आयटीआय झालेले दोन टर्नर अप्रेंटिस घ्यायचे आहेत. वर्षभर शिकवायचं आणि पोरं चाकणला जायची, ही भीती. कायम करू असं आधीच लिहून द्यावं का?

लेथवाला: मुळीच नको. अप्रेंटिसला नोकरी देण्याची सक्ती कायद्यात नाही. उलट 'दोन वर्षं इथेच राहीन' असं करारात त्याच्याकडून घ्या.

जुना सेटर: पहिलं बरोबर, दुसरं अंगाशी येईल. ॲप्रेंटिस कायद्याचं कलम २२ बघा. मुलाने शिकून तुमच्याकडेच काम करायचं, अशी अट करारात घातलीत की त्याला योग्य नोकरी देणं तुमच्यावरही बंधनकारक होतं. म्हणून कायम करायची परीक्षाच लिहून द्या: काय जमलं की कोणती जागा आणि किती पगार.

तुमच्या कामात ती परीक्षा ऑफसेटची, म्हणजे माप जुळवायला मशीनला देतात त्या दुरुस्तीच्या आकड्याची असावी. शाफ्ट हवा २५.०० मिमी, मोजला तर २५.०४. टूलच्या झिजेसाठीच्या वेअर ऑफसेटमध्ये आधीच -०.१२ आहे. पोराने -०.०४ टाकून +INPUT दाबलं तर ते -०.१६ होतं आणि पुढचा पीस २५.०० येतो. नुसतं INPUT दाबलं तर जुना आकडाच पुसला जातो आणि पीस २५.१२ येतो. तो निदान परत कापता येतो, जुना आकडा +०.१२ असता तर पीस भंगारात. आणि गरम पीस मोजून ऑफसेट दिला तर थंड झाल्यावर तो बारीक भरतो. हे न सांगता ज्याला कळतं, तो सेटर.

पिंपरीचा टर्नर: पण त्याला ऑफसेटला हात लावू देणार कोण? अकरा महिने लोडिंग आणि बर काढणं, बाराव्या महिन्यात परीक्षा. म्हणून पोरं जातात, पगारासाठी नाही.

जुना सेटर: मान्य. पहिला महिना ड्रॉइंग आणि मायक्रोमीटर, मग तीन महिने साधं लेथ. पाचव्या महिन्यापासून रोज निदान एक ऑफसेट त्याने द्यावा, सेटरने शेजारी उभं राहून.

लेथवाला: सेटरचा तेवढा वेळ गेला की माझं डिस्पॅच अडतं. त्याचा खर्च स्टायपेंडहून जास्त.

काकू, निगडी: मुलगा मेकॅनिकल डिप्लोमा करतोय. त्यालाही असाच स्टायपेंड मिळेल का?

जुना सेटर: काकू, त्याचा दर वेगळा. २०१९च्या नियमांत आयटीआयवाल्याला किमान ७०००, डिप्लोमाधारकाला ८०००. भोसरीकर, करार apprenticeshipindia.gov.in वर होतो, त्या दिवशी तिथला दर बघूनच आकडा टाका. एनएपीएस या केंद्राच्या अप्रेंटिस योजनेत स्टायपेंडचे २५ टक्के, जास्तीत जास्त १५०० रुपये, सरकार थेट मुलाच्या खात्यात भरतं. तीसपेक्षा कमी माणसं असल्याने तुम्हाला सक्ती नाही, पण घेता येतात.

भोसरीकर: परीक्षा लिहून देतो. पण सेटर एकच आहे, दोन पोरं त्याच्या हाताखाली झेपतील?

पिंपरीचा टर्नर: नाही झेपणार. यंदा एकच घ्या.

लेथवाला: एकच घेतलात आणि तोच गेला तर?