डिशवॉशर नुसता घूंऽऽ करतो, पाणी उडवतही नाही, सोडतही नाही: तुमचे अनुभव सांगा

कढीलिंब

आधी माझा किस्सा सांगते, मग तुम्ही भर घाला.

श्रावणातल्या एका शुक्रवारी सवाष्ण जेवायला होती. रात्री डिशवॉशर गच्च भरून चालू केला आणि झोपले. सकाळी दार उघडलं तर ताटांवर वरण वाळलेलं आणि तळाशी पिवळट, तेलाचे डोळे तरंगणारं पाणी. परत चालू केला. अर्धा मिनिट घूंऽऽ, मग शांतता, मग पुन्हा घूंऽऽ. फोनवर मेकॅनिक म्हणाला, "ताई, दोन्ही मोटरी गेल्या असतील, बघावं लागेल."

दोन्ही एकाच रात्री कशा जातील, हे मला पटेना. माझ्या मशीनमध्ये आधी जुनं पाणी उपसलं जातं, मगच नवं आत येतं. पहिलंच अडलं तर फवारा उडणार कुठून? म्हणजे लक्षणं दोन, पण दुखणं एकच असू शकतं.

प्लग काढला. वाटीने आणि मग स्पंजने पाणी काढलं, तीनेक लिटर निघालं. मधली गोल गाळणी फिरवून काढली. खालच्या खळग्यात उजव्या बाजूला प्लॅस्टिकचं छोटं झाकण होतं, ते चमच्याच्या दांड्याने उचकटलं. आत रुपयाएवढं चाक, आणि त्याच्या पात्यात अडकलेला हिरव्या बांगडीचा तुकडा! आदल्या आठवड्यात गाळणी धुताना बांगडी फुटली होती. मोठे तुकडे मी वेचले, हा राहिला.

चिमट्याने काढला, झाकण टक् आवाज येईपर्यंत दाबलं. मशीन चालू केल्यावर पाणी घळाघळा गेलं. खर्च शून्य, फक्त बोटाला चिकटपट्टी, कारण आधी मूर्खासारखं बोट घातलं होतं.

तुमच्याकडे काय निघालं?

गच्चीवरचा

आमच्याकडेही सेम! घूं करतो आणि फवारा नाही. पण तळ कोरडा असतो. आम्ही सर्वात वरच्या मजल्यावर, टाकी डोक्यावरच. पंप कुठला घेऊ?

जुना फिटर

गच्चीवरचे, तुमचा पंप घेऊ नका. तळ कोरडा म्हणजे पाणी आतच येत नाहीये. तो आवाज बहुधा पाणी घेणाऱ्या व्हॉल्व्हचा. टाकी डोक्यावर दोन-तीन मीटरवर असेल तर दाब फारच कमी मिळतो. बऱ्याच मशीनना निदान पाच मीटर उंचीवरच्या टाकीएवढा दाब लागतो. नळ पूर्ण उघडा, नळीच्या तोंडाची बारीक जाळी काढून धुवा. तरीही नाही झालं तर दाब वाढवणारा छोटा पंप टाकीजवळ बसवावा लागेल.

कढीलिंबताई, तुमचा तर्क बरोबर. मी ही कामं बरीच वर्षं केली, गिऱ्हाईकाला फोनवर एकच विचारायचो: दहा मिनिटांनी दार उघडा आणि तळाचं पाणी कसं आहे ते सांगा. घाण पाणी असेल तर उपसणारा पंप किंवा त्याच्या पुढची नळी. स्वच्छ पाणी आणि वर भांडी कोरडी असतील तर फवारा मारणारा पंप. आत दोन वेगळे पंप असतात. गाळणीखाली वाटीभर पाणी राहतं ते मात्र ठीकच आहे, त्याला घाबरून फोन करणारेही भेटले.

आणि घूं आवाज ही तशी चांगली खूण. मोटरपर्यंत वीज पोहोचते आहे, वायंडिंगही तुटलेलं नाही, फक्त चाक फिरत नाही. अजिबात आवाज नसेल तर प्रकरण वेगळं.

चाक काडीने फिरवून बघा. आत लोहचुंबक असतं, म्हणून ते अडखळत, हिसके देत फिरतं. लोक त्यालाच बिघाड समजतात. उलट चाक भिंगरीसारखं मोकळं फिरलं तर ते चुंबकापासून सुटलंय, मग पंप बदलण्यावाचून इलाज नाही.

घरकोंबडा

एवढी उचकपाचक कशाला? उकळतं पाणी, खायचा सोडा आणि व्हिनेगर ओता, तासभर ठेवा. माझं दोनदा झालंय.

जुना फिटर

नळीत तूप-तेल थिजलं असेल तर गरम पाण्याने होतं, तुमचं तेच झालं असणार. सोडा आणि व्हिनेगर एकत्र घातले की एकमेकांना मारतात, फेस दिसतो एवढंच. आणि बांगडी काही विरघळत नाही. उकळतं नको, हाताला सोसेल त्याहून थोडं जास्त गरम पुरे.

न्यूजर्सीकर मावशी

इथे नवीन घरात आमचा पहिल्या दिवसापासून पाणी सोडेना. पंप बदलून झाला, तरी तेच. मग एका शेजाऱ्याने सिंकखालच्या कचरा दळणाऱ्या यंत्राला जोडलेली नळी काढली. त्या यंत्राच्या तोंडाशी कारखान्यातलं प्लॅस्टिकचं बूच तसंच होतं! डिशवॉशर जोडताना ते ठोकून पाडायचं असतं, बसवणारा विसरला. पंपाचे पैसे पाण्यात. म्हणजे न सोडलेल्या पाण्यात.

जुना फिटर

मावशी, म्हणूनच पंपाला हात लावण्याआधी बादली. नळीचं टोक सिंकच्या पाइपातून काढून खाली बादलीत सोडा आणि मशीनला पाणी काढायला लावा. बऱ्याच मशीनमध्ये सुरू करायचं बटण तीन सेकंद दाबून धरलं की ते होतं. बादलीत जोरात धार आली तर मशीन निर्दोष, सिंकचा पाइप तुंबलाय. थेंब-थेंब आलं तर नळी किंवा पंप. मागे ओट्याखाली नळी दुमडली नाही ना, तेही बघा.

संत्रानगरी

आमची केस दुसऱ्या पंपाची. मुलाकडे गेलो होतो, नागपूरचं घर आठ महिने बंद. बोअरचं जड पाणी. परत आलो तर मशीन पाणी घ्यायचं, घूं करायचं, थोड्या वेळाने तेच स्वच्छ पाणी सोडून द्यायचं. भांडी कोरडी ठाक. मेकॅनिकने आडवं करून खालचं झाकण काढलं, मोटरचा मागचा पंखा हाताने फिरवला. कट्ट आवाज आला अन् सुटली.

पण महिन्याभरात वेगळंच सुरू. दार उघडं असलं तरी उपसणारा पंप चालूच. सील फाटून खालच्या ट्रेमध्ये पाणी साचत होतं, तिथला फ्लोट उचलला की मशीन बाकी सगळं सोडून पाणी काढत बसतं. शेवटी अख्खा पंप बदलला.

जुना फिटर

क्षार चढलेली मोटर जोराने फिरवली की सील जातं. आधी लिंबूसत्व घालून गरम पाणी रात्रभर ठेवायला हवं होतं. तरी वाचलंच असतं असं नाही.

कढीलिंब

फिटरदादा, एक राहिलं. गाळणी घट्ट असताना एवढा मोठा तुकडा आत जातोच कसा?

जुना फिटर

जात नाहीच. गाळणी काढलेली असताना पडतो, किंवा ती नीट फिरवून बसवलेली नसते. मला लिंबाच्या बिया, टूथपिक, तारेच्या घासणीचे केस, बरणीचं सुटलेलं लेबल हेच जास्त सापडलं. गाळणी काढण्याआधी भोवतीचं सगळं कागदाने टिपून घ्या.

ठाण्याची सून

माझ्या मशीनवर E24 येतंय. चाक साफ केलं, हिसके देत फिरतं. बादलीत पहिली दोन मिनिटं छान धार, मग पंप नुसता घूं, दहा मिनिटं थांबलं की पुन्हा धार. कचरा काहीच नाही. सासूबाई म्हणतात नवीन मशीनच घेऊ या. पंप तापून अडकतो असं होतं का?

जुना फिटर

होतं, पण नळीत आत एखादा तुकडा झडपेसारखा हलत असला तरी असंच दिसतं. नळी पूर्ण काढून नळाला लावून उलट्या बाजूने धुवा आणि काय पडतं ते इथे सांगा.