मदत हवी आहे: मॅक फिल्टर लावूनही ब्लॉक केलेला फोन वायफायवर परत येतो

रानवारा
आमच्या वायफायचा पासवर्ड बऱ्याच जणांकडे गेला आहे. तो बदलायचा तर सगळे कॅमेरे आणि टीव्ही नव्याने जोडावे लागतील, म्हणून नको असलेले फोन मॅक फिल्टरच्या नकार यादीत टाकले. थोड्या वेळाने त्यातला एक फोन परत दिसला. नाव तेच, मॅक पत्ता निराळा. इंटरनेट वापरला तरी चालेल, पण 192.168.1.50 वर स्टोरेज सर्व्हर आहे आणि त्यात घरची सगळी कागदपत्रं आहेत. राउटरमध्ये आयपीवर चालणारे फायरवॉल नियमही आहेत. ते जास्त टिकतील का?

चौकट
नकार यादीऐवजी परवानगी यादी ठेवा, म्हणजे यादीत नसलेला कुणी आत येणारच नाही. शिवाय त्या फोनला एक ठरलेला आयपी द्या आणि त्या आयपीवरून .50 कडे जाणं फायरवॉलमध्ये बंद करा.

पाऊलवाट
आमच्याकडे मुलांच्या टॅबलेटची वेळ मॅकवरच ठरवली आहे आणि ती नीट चालते. टॅबलेटच्या वायफाय सेटिंगमध्ये खाजगी पत्ता बंद केला की झालं.

तारायंत्री
पाऊलवाट, तुमचा टॅबलेट तुमच्या हातात आहे. रानवारांना अडवायचा आहे तो फोन दुसऱ्याचा आहे. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून, सेटिंग मुद्दाम बदलली नसेल तर फोन वायफायला सहसा आपला खरा मॅक देत नाहीत, बनवलेला देतात. यादीत पत्त्याचं दुसरं अक्षर 2, 6, A किंवा E दिसलं तर तो बहुधा असाच पत्ता. सेटिंगमध्ये एक बटण फिरवलं की तोच फोन राउटरला नवा वाटतो.

चौकट, परवानगी यादीने असा फोन अडेल हे खरं. पण WPA2 असो वा WPA3, कूटबद्ध होतो तो आतला मजकूर. प्रत्येक वायफाय फ्रेमवरचे मॅक पत्ते हवेत उघडेच असतात. आसपास बसून ऐकणाऱ्याला चालू टीव्हीचा पत्ता दिसतो, आणि टीव्ही बंद झाल्यावर तो पत्ता आपल्या लॅपटॉपला लावायला दोन-तीन कमांड पुरतात. पासवर्ड तर त्याच्याकडे आहेच.

तुमच्या आयपी नियमात दोन भोकं आहेत. फोनवर हाताने दुसरा आयपी टाकला की नियम चुकला. त्याहून मोठं म्हणजे, फोन आणि सर्व्हर दोघंही 192.168.1.x मध्ये असताना त्यांचं बोलणं राउटरच्या आतल्या स्विचमधूनच होतं. बहुतेक घरगुती राउटरमध्ये फायरवॉलला ते दिसतच नाही, मग नियम कितीही बरोबर लिहा.

आयपीचे नियम टिकतात ते जाळं वेगळं असतं तेव्हा. पाहुण्यांचं वायफाय 192.168.20.x वर काढा. आता सर्व्हरकडे जायला राउटर ओलांडावाच लागतो. नियमही एकेका फोनसाठी न लिहिता बाजूवर लिहा:

```
ct state established,related accept
iifname "br-guest" oifname "br-lan" drop
```

हे माझ्याकडच्या nftables च्या forward साखळीत आहे, तुमच्याकडे नावं वेगळी असतील. फोनने मॅक बदलला, स्वतःला 192.168.1.77 म्हणवून घेतलं, तरी तो पाहुण्यांच्याच बाजूने येतो आणि अडतो. नियमात आयपी लिहिलेला नाही, त्यामुळे साखळी inet प्रकारच्या टेबलात असेल तर आयपीव्ही६ वरूनही निसटत नाही.

पासवर्डचं असं करा: जुनं नाव आणि जुना पासवर्ड पाहुण्यांच्या जाळ्याला द्या, घरच्या जाळ्याला नवं नाव, नवा पासवर्ड. कॅमेऱ्यांना हात लावावा लागणार नाही, ते आपोआप पाहुण्यांत जातील.

चौकट
मग कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग सर्व्हरवर कसं जाणार? त्यांच्यासाठी भोक पाडावंच लागेल.

तारायंत्री
सर्व्हर स्वतः कॅमेऱ्याकडून चित्र ओढत असेल तर नाही. जोडणी घरच्या बाजूने सुरू होते आणि उत्तर पहिल्या ओळीमुळे आत येतं. फक्त घराकडून पाहुण्यांकडे जायला मुभा ठेवा आणि सर्व्हरमध्ये कॅमेऱ्यांचे नवे आयपी भरा. कॅमेरे स्वतः फाइल ढकलत असतील तर मात्र चौकट म्हणतात ते खरं. त्या भोकातून कॅमेऱ्याचा आयपी घेतलेला फोनही जाऊ शकेल.

रानवारा
केलं. आमचा सर्व्हरच ओढतो, रेकॉर्डिंग चालू आहे. जुन्या नावावरून .50 उघडत नाही. पण तिथूनच 192.168.1.1 टाकलं तर राउटरचं लॉगिन पान येतं!

तारायंत्री
वरचा नियम राउटरच्या पलीकडे जाणाऱ्यांसाठी आहे. 192.168.1.1 म्हणजे राउटर स्वतः, तिथे input साखळी लागते. पाहुण्यांकडून राउटरकडे येणारं सगळं बंद करा, फक्त डीएचसीपी आणि डीएनएस सोडा. मग त्याच फोनवरून 192.168.1.1 आणि 192.168.20.1 दोन्ही उघडून बघा.

रानवारा
दोन्ही बंद झाले, इंटरनेट चालतोय. एक अडलंय. प्रिंटर जुन्या नावावर राहिला आहे आणि घरच्या लॅपटॉपला आता तो सापडत नाही.

चौकट
लॅपटॉपमध्ये प्रिंटरचा आयपी हाताने टाका. शोधण्याची हाक दुसऱ्या जाळ्यात पोचत नाही.

रानवारा
लॅपटॉपवर जमलं. फोनवरच्या प्रिंटच्या पानात आयपी टाकायला जागाच दिसत नाही. प्रिंटर घरच्या जाळ्यात न हलवता कुणी हे सोडवलंय का?