दर महिन्याला परदेशी वर्गणी अडते : दोष बँकेचा, नियमाचा की विक्रेत्याचा?

पराग, दांडिया बाजार, बडोदा
आमच्या छपाईच्या दुकानात डिझाइनचं एक परदेशी सॉफ्टवेअर आहे, महिन्याला 20 डॉलर. क्रेडिट कार्डवर लिमिट भरपूर आहे. पहिले पैसे ओटीपी टाकून गेले, पण पुढच्या महिन्यापासून आपोआप कापायची वेळ आली की `do_not_honor`. तेच बिल उघडून हाताने भरलं की लगेच जातं. मग बँक दर महिन्याला नाही का म्हणते?

समीर
कार्डावरचा आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद असणार. नवीन कार्ड येतं तेव्हा तो बंदच असतो. बँकेच्या ॲपमध्ये चालू करा, काम झालं.

वृंदा
समीर, तो बंद असता तर हाताने भरलेलेही अडले असते. ते जाताहेत, म्हणजे कार्ड ठीक आहे.

खरी गोष्ट अशी. 1 ऑक्टोबर 2021 पासून, कार्डावरून ठरावीक काळाने आपोआप कापले जाणारे पैसे देशातले असोत की परदेशातले, रिझर्व्ह बँकेचा ई-मँडेटचा नियम लागतो. एकदा ओटीपी देऊन मँडेट, म्हणजे पुढचे पैसे आपोआप कापायची परवानगी, नोंदवायचं, आणि मग प्रत्येक कपातीच्या किमान 24 तास आधी बँकेने विक्रेत्याचं नाव, रक्कम आणि तारीख कळवायची. पण ही माहिती बँकेला विक्रेत्याच्या बाजूनेच मिळते. विक्रेत्याने मँडेट न करता नुसतं कार्ड साठवून ठेवलं असेल, तर पुढची मागणी बँकेकडे मँडेटशिवाय येते आणि परत जाते. पहिला ओटीपी त्या एका बिलाचा होता, मँडेटचा नव्हता. `do_not_honor` मध्ये कारण सांगितलेलं नसतं, म्हणून डोकं फिरतं.

ओळखायची खूण सोपी आहे. कपातीच्या आदल्या दिवशी बँकेचा मेसेज आलाच नाही, तर मँडेट पोचलेलं नाही. मेसेज येऊनही पैसे अडले, तर मात्र लिमिट किंवा समीर म्हणतो तो स्विच बघा.

शिर्केकाका
माझंही तसंच! विजेचं बिल यूपीआयच्या ऑटोपेवर लावलंय, या महिन्यात कटलंच नाही.

वृंदा
काका, ते वेगळं. तुमच्यात कार्डही नाही आणि डॉलरही नाही. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेच्या यादीत मँडेट थांबलंय का ते बघा.

मनीषा, रावपुरा
आमच्या ऑफिसात उलटंच. मँडेट आहे, मेसेज येतो, तरी सॉफ्टवेअरचे महिन्याला 170 डॉलर कधी सरळ जातात, कधी ओटीपी मागतात. याला नियम म्हणायचं की लॉटरी?

वृंदा
लॉटरी नाही, डॉलरचा भाव. ओटीपीशिवाय कापायची मर्यादा 15,000 रुपये आहे. डॉलर 85 धरला तर 170 डॉलरचे 14,450 होतात, ते जातात. 89 झाला की 15,130, मग त्या महिन्याला तुमची मंजुरी लागणारच. सॉफ्टवेअर वापरणाऱ्या दोन माणसांच्या सीट कमी करा, नाहीतर बिल दोन भागांत घ्या.

मनीषा
बिल दोन भागांत पाडायचं म्हणजे धंदा नियमासाठी चालवायचा. ही मर्यादा 2019 मध्ये 2,000 होती, मग 5,000 झाली, जून 2022 मध्ये 15,000. विमा, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाच्या बिलाला डिसेंबर 2023 पासून एक लाख दिलेत. दर महिन्याचं सॉफ्टवेअर काय पाप करतं?

समीर
मला नियम पटतो. फुकट चाचणी संपली की लोक विसरतात आणि वर्षभर पैसे जात राहतात. आता आदल्या दिवशी मेसेज येतो, तिथूनच नको म्हणता येतं.

मनीषा
मेसेज हवाच, वाद त्याचा नाही. पण मँडेट न करणारा विक्रेता मोकळा, आणि दुकान बंद पडतं परागचं.

पराग
मग मी नेमकं काय करू?

वृंदा
साइटवरून कार्ड काढून टाका आणि पुन्हा घाला. ओटीपीच्या पानावर नुसती रक्कम न दिसता कमाल रक्कम आणि मुदतही दिसली, तर मँडेट होतंय असं समजा. नंतर नेटबँकिंगमध्ये स्टँडिंग इन्स्ट्रक्शनच्या यादीत विक्रेत्याचं नाव दिसतंय का ते तपासा. ते पान तसं आलंच नाही, तर तो विक्रेता भारतीय मँडेट करतच नाही, आणि बँकेला फोन करून उपयोग नाही. अशा वेळी वार्षिक योजना घ्या. एकदा ओटीपी देऊन वर्ष निघतं, आणि ते बिल हाताने भरलेलं असल्याने 15,000 चा प्रश्नही येत नाही. आणि वेगळं कार्ड लावलंत तर मँडेट नव्याने करावं लागेल, जुनं त्या कार्डालाच चिकटलेलं असतं.

मनीषा
वार्षिक घेतलं आणि चौथ्या महिन्यात नको झालं, तर?

वृंदा
मग विक्रेत्याच्या परताव्याच्या अटी बघायच्या. तिथे बँकही नाही आणि रिझर्व्ह बँकही नाही.