मदत हवी आहे: जंगल सत्याग्रहाच्या उताऱ्यावर चार पातळ्यांचे प्रश्न

दिग्रसवाली: आठवीसाठी एकाच उताऱ्यावर स्मरण, आकलन, उपयोजन आणि विश्लेषण असे चार प्रश्न काढायचे आहेत. उतारा असा:

"१९३० मध्ये गांधीजींनी दांडीला मिठाचा कायदा मोडला. विदर्भाला समुद्रकिनारा नाही. इथल्या शेतकऱ्यांना जंगल कायद्यामुळे गवत कापायला, गुरं चारायला बंधनं होती. म्हणून १० जुलै १९३० रोजी बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली पुसदला सत्याग्रहींनी राखीव जंगलातलं गवत कापलं."

"पुसदला जंगल सत्याग्रह का झाला?" हा मी आकलनाचा प्रश्न म्हणून दिला, तर तपासणाऱ्यानं तो स्मरणाचा ठरवून परत पाठवला. 'का' विचारलं तरी? आणि इतिहासात उपयोजन करायचं तरी कशाचं?

खडूफळा: क्रियापदं बदला. 'सांगा' म्हणजे स्मरण, 'स्पष्ट करा' म्हणजे आकलन, 'तुलना करा' म्हणजे विश्लेषण.

वणीकर: अणे आमच्या वणीचे, हे उताऱ्यात टाका ना बाप्पा!

जुने मास्तर: क्रियापदानं पातळी ठरत नाही. उत्तराच्या वाक्यावर पोराला बोट ठेवता आलं की तो स्मरणाचाच प्रश्न. तुमचं 'का'चं उत्तर उताऱ्यात आयतं आहे. त्याऐवजी विचारा, "गवत कापायला बंदी नसती, तर ते कापणं सत्याग्रह ठरलं असतं का?" हे उत्तर उतरवून काढता येत नाही, समजावंच लागतं.

उपयोजनासाठी उताऱ्यात आधी एक वाक्य वाढवा: सत्याग्रही अन्यायकारक कायदा उघडपणे मोडतो आणि शिक्षा स्वीकारतो. मग तीन काल्पनिक माणसं द्या. एक रात्री लपून सागवान तोडून विकतो, दुसरा पैसे भरून परवाना घेऊन गुरं चारतो, तिसरा आधी कळवून भरदिवसा गवत कापतो आणि अटक करून घेतो. यांतला सत्याग्रही कोण आणि कशावरून? ते वाक्य नसेल तर पोट्टे अंदाजानं 'तिसरा' लिहून मोकळे होतात.

विश्लेषणासाठी: समुद्र नसणं आणि जंगल कायदा, या दोन कारणांपैकी कोणतं फक्त 'मीठ का नाही' एवढंच सांगतं आणि कोणतं 'गवतच का' हे सांगतं? एक कारण वगळलं तर काय उलगडत नाही?

मेळघाटी: आमच्या इकडे आजही सरपणावरून वनरक्षकाशी वाद होतात. त्यावर मत विचारलं तर उपयोजन होईल ना?

जुने मास्तर: नुसतं मत विचारलं तर उतारा न वाचताही लिहिता येईल. सत्याग्रहाची कसोटी लावायला सांगा.

खडूफळा: पण तीन माणसांचा प्रश्न मला विश्लेषणाचाच वाटतो. तुलना आहे त्यात.

जुने मास्तर: कसोटी तयार दिलीय, ती फक्त नव्या प्रसंगाला लावायची आहे. कसोटी पोरांनीच शोधायची असती, तर तुमचं बरोबर होतं.

खडूफळा: तपासणारा असं मानेल याची खात्री नाही.

दिग्रसवाली: ते वाक्य टाकते, आणि तीन माणसं उपयोजनातच ठेवते. पण 'बंदी नसती तर' यावर कोणी नुसतं 'नाही' लिहिलं, तर गुण द्यायचा का?