आईला मेसेज मराठी अक्षरांत लिहावा की इंग्रजी अक्षरांत?

सांगलीकर_बंगळुरात
आई ७४ वर्षांची, सांगलीला एकटी असते. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय. औषधाच्या वेळा मी व्हॉट्सॲपवर पाठवतो. परवाचा मेसेज जसाच्या तसा:

`Aai ujvya dolyat aadhi pandhrya zakanache themb taak. Mg 5 min dola band thev. Mg gulabi zakanache. Dar 4 tasani.`

आईचा फोन आला, "डोळा कशानं बांधू?" बहीण म्हणते, मराठीत लिही. पण आई स्वतः मला इंग्रजी अक्षरांतच उत्तर देते, शिवाय मराठी अक्षरं फोनवर बारीक दिसतात म्हणते. तुम्ही घरच्या मोठ्यांना कशात लिहिता?

पाटीपेन्सिल
आमच्या वाचनालयात मी ज्येष्ठांना फोन शिकवते, त्यामुळे हे रोज बघते. मराठी शाळेत शिकलेला माणूस 'टाक' हा शब्द अक्षरं न जुळवता, बघितल्याबरोबर वाचतो. पन्नास-साठ वर्षं तो शब्द तसाच छापलेला पाहिलेला असतो. taak असा तो कुठेच छापलेला नव्हता. मग टी-ए-ए-के जुळवायचं, आणि जुळल्यावर ताक की टाक ते ठरवायचं. band मध्ये बंद, बंड, बांध सगळंच बसतं. प्रत्येक शब्दाला असं थांबलं की वाक्याच्या शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरते. हळू वाचणाऱ्यांची खरी अडचण इथे आहे. तरुण माणूस पुढचे दोन शब्द आधीच बघतो आणि अर्थावरून निवाडा करतो. हळू वाचणाऱ्याला ते पुढचे शब्द दिसायचेच असतात.

तुमच्या आईंना फोनवर मेसेज मोठ्यानं वाचायला सांगा. एक मेसेज या लिपीत, दुसरा त्या लिपीत, मजकूर वेगळा पण लांबी सारखी. कुठे अडखळतात ते कानांनी कळेल. "समजलं का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात.

रोखठोक_नागपूर
मला हे पटत नाही. चूक लिपीची नाही, शब्दाची आहे. डोळा 'मिटून' ठेव असं लिहिलं असतं तर mitun मध्ये काय गोंधळ होणार होता? आणि देवनागरीला उगाच डोक्यावर घेऊ नका. वर वेलांटी, खाली उकार, मध्येच जोडाक्षर. तेवढ्याच जागेत इंग्रजी अक्षर मोठं आणि मोकळं दिसतं. त्या माउलीला बारीक दिसतं म्हणतात, ते खोटं आहे का? शिवाय त्या स्वतः इंग्रजी अक्षरांत लिहितात म्हणजे त्यांना जमतं. जमतं ते बदलायचं कशाला?

पाटीपेन्सिल
'मिटून' अगदी बरोबर, तो शब्द कुठल्याही लिपीत चांगला. बारीक दिसण्याचंही खरं आहे. एकाच मापाच्या फॉन्टमध्ये मात्रा-उकारांना जागा ठेवावी लागते, म्हणून मूळ अक्षर लहान होतं. पण त्याला उपाय आहे. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये चॅट्समध्ये जाऊन फॉन्ट मोठा करता येतो. आयफोनवर फोनच्याच सेटिंगमधून करायचा. taak चा टाक मात्र कुठल्या सेटिंगनं होत नाही.

आणि लिहिता येतं म्हणजे वाचता येतं असं नाही हो. लिहिणाऱ्याला आपल्याला काय म्हणायचंय ते आधीच माहीत असतं. आमच्या वर्गातल्या बऱ्याच बायका इंग्रजी अक्षरांत लिहितात, कारण दुकानदारानं फोन तसाच दिला आणि मराठी कीबोर्ड कुठून आणायचा ते कुणी दाखवलं नाही.

मायबोलीचा_पाईक
हा प्रश्न पडतोच कसा? ज्या भाषेत ज्ञानेश्वरी लिहिली गेली त्या भाषेच्या माणसाला आईशी परक्या लिपीत बोलावंसं वाटतं यातच सगळं आलं. मराठी शाळा अशाच बंद पडल्या.

सांगलीकर_बंगळुरात
दादा, शाळांचं नंतर बघू. आईच्या डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब जायचेत.

मांडवीकाठ
गोव्यातून लिहितोय. "परकी लिपी" म्हणण्याआधी एक गोष्ट. फादर थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं, मराठीत, आणि रोमन अक्षरांत. आमच्या शेजारच्या ख्रिस्ती मावशी ८० च्या पुढच्या आहेत. प्रार्थनेचं पुस्तक, मासिक, पत्रं, सगळं त्यांनी आयुष्यभर रोमी कोंकणीत वाचलं. त्यांना देवनागरीत लिहाल तर त्या पहिल्याच ओळीवर थांबतील. म्हणजे रोमन अक्षरांत वाचायला हळू लागतं असं नाही. ज्यात वाचन झालं ते झरझर वाचतात.

रोखठोक_नागपूर
हेच तर म्हणतो मी!

मांडवीकाठ
नाही, तुम्ही दुसरं म्हणताय. रोमी कोंकणीत एक शब्द बहुतेक एकाच तऱ्हेनं लिहितात, म्हणून तो ओळखीचा होतो. आपल्या मेसेजमध्ये 'नाही' चं एकाच घरात nahi, nhi, nai होतं. त्याची ओळख कशी व्हायची?

एसटीतला_आजोबा
माझं वय ७९. इतका वेळ माझ्याविषयीच चाललंय, तर बोलतो. आम्हाला इंग्रजी आठवीपासून होतं. पुढे नोकरीत डेपोचे कागद इंग्रजीत असायचे, म्हणून अक्षरांची भीती नाही. पण mg म्हणजे 'मग' हे मला नातवानं सांगेपर्यंत कळलं नव्हतं. मला ते औषधाच्या गोळीवरचं मिलिग्रॅम वाटायचं. या बाईंना 'डोळ्यात ५ मिनिटं' च्या आधी एमजी दिसलं असेल तर त्यांनी काय समजावं?

माझा नियम सांगतो. नातू "जेवलात का, मॅच बघितली का" इंग्रजी अक्षरांत लिहितो, मी चष्मा लावून सावकाश वाचतो, त्यातही मजा आहे. तो एकेक शब्द मला सोपा करून द्यायला लागला तर मलाच आवडणार नाही. पण तारीख, पैसे, औषध, गाडीची वेळ, हे मराठीतच पाहिजे. तिथे मला कोडं सोडवायचं नसतं.

चष्मेवाला
मला वाटतं तुम्ही एक गोष्ट विसरताय. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये जी साधी लेन्स बसवतात ती बहुधा लांबचं दिसण्यासाठी असते. जवळचं वाचायला चष्मा लागतोच, आणि डोळा स्थिरावल्यावर, साधारण महिना-दीड महिन्यानं, त्याचा नंबर काढतात. तोपर्यंत जुना चष्मा त्या डोळ्याला जुळत नाही. म्हणजे सध्या आईंना दोन्ही लिप्या धूसरच दिसणार. धूसर दिसताना देवनागरीत घ-ध, भ-म, प-ष एकमेकांत जातात, अनुस्वाराचा ठिपका तर दिसतच नाही. इंग्रजीतही c आणि e, rn आणि m तसेच. आता तिला वाचायला जड जातंय त्यातलं किती लिपीमुळे आणि किती डोळ्यामुळे, हे नवा चष्मा आल्याशिवाय सांगता येणार नाही. तोवर अक्षर मोठं करा, आणि मजकूर कमी करा.

व्हॉइसवाली_वाशी
एवढं कशाला, बोलून पाठवा ना! मी सासूबाईंना सगळं व्हॉइस मेसेजनंच सांगते.

पाटीपेन्सिल
गप्पांसाठी उत्तम. पण दुपारी चार वाजता "दुसरं औषध किती मिनिटांनी?" हे बघायला पूर्ण मेसेज पहिल्यापासून ऐकावा लागतो, तोही हातात बाटली धरून. लिहिलेलं मान वळवून बघता येतं. हां, अँड्रॉइडमध्ये `Select to Speak` नावाची सोय आहे, ती मेसेज वाचून दाखवते. मराठी आवाज फोनमध्ये उतरवून घेतला की देवनागरीतलं बऱ्यापैकी वाचते. इंग्रजी अक्षरांतलं मराठी मात्र ती इंग्रजीच समजून वाचते, ते ऐकून हसू येतं.

नात_टोरांटो
मी मराठी बोलते, पण देवनागरी वाचता येते तेवढी लिहिता येत नाही. गूगलच्या कीबोर्डवर `abc → मराठी` निवडून इंग्रजीत टाइप करते, अक्षरं मराठी उमटतात. आजी खूश. फक्त एकदा goli लिहिल्यावर 'गोली' आलं आणि मी तसंच पाठवलं. आजी म्हणाली, हिंदीत का बोलतेस? आता सुचवलेल्या शब्दांतून ळ चा शब्द निवडते. बोलून टाइप करूनही बघितलं, पण त्यात पूर्णविराम येत नाही, सगळं एका दमात.

रोखठोक_नागपूर
बघा! म्हणजे मराठीतही चुका होतातच.

पाटीपेन्सिल
होतात, आणि त्या जास्त वाईट. चुकीचा शब्द देवनागरीत आला की वाचणारा शंका घेत नाही, बरोबरच समजतो. म्हणून पाठवण्याआधी एकदा स्वतः वाचायचं, विशेषतः ळ, ण आणि डावा-उजवा.

सांगलीकर_बंगळुरात
काल रात्री आईला दोन मेसेज मोठ्यानं वाचायला लावले. इंग्रजी अक्षरांतल्या मेसेजमध्ये tasani ला अडली, mg सोडूनच दिलं. मराठीतला एका दमात वाचला, फक्त फोन लांब धरून. फॉन्ट शेजारच्या मुलानं मोठा करून दिला. आता हे पाठवलंय:

`आई, उजवा डोळा.`
`आधी पांढऱ्या झाकणाचं औषध, १ थेंब.`
`५ मिनिटं डोळा मिटून ठेव.`
`मग गुलाबी झाकणाचं, १ थेंब.`
`सकाळी ८, दुपारी १२, दुपारी ४, रात्री ८.`

पाटीपेन्सिल
छान. "दर चार तासांनी" काढलंत ते फार बरं झालं, तो हिशेब त्यांच्या माथी नको होता. एक भर घाला. झाकणाच्या रंगापुढे औषधाचं नाव बाटलीवर जसं छापलंय तसं इंग्रजी अक्षरांत लिहा. ते देवनागरीत लिहू नका, कारण तिथे त्यांना वाचायचं नाहीये, अक्षराला अक्षर जुळवून बघायचंय. दुसऱ्या कंपनीची बाटली आली तर झाकणाचा रंग बदलतो.

रोखठोक_नागपूर
म्हणजे शेवटी इंग्रजी अक्षरं लागलीच की.

एसटीतला_आजोबा
लागली. बाटलीपुरती.

खेड्यातला_मास्तर
तुमचं सगळं स्मार्टफोनचं चाललंय. माझ्या काकांकडे बटणांचा साधा फोन आहे. मराठीत एसएमएस केला की त्यांना चौकोन दिसतात. ज्या फोनवर अक्षरं उमटतात तिथेही मराठीत एका एसएमएसमध्ये ७० च अक्षरं बसतात, इंग्रजीत १६०. मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जातात, त्यामुळे दोन वाक्यांतच मेसेजचे तुकडे पडतात. काकांना इंग्रजी अक्षरं आकड्यांपुरतीच येतात. त्यांच्यासाठी काय करता?

पाटीपेन्सिल
फोन करा, आणि त्यांच्याकडून कॅलेंडरवर पेननं लिहून घ्या. चौकोनांवर माझ्याकडे तरी दुसरा उपाय नाही. कुणाकडे असेल तर सांगा.