रिफिल केल्यावर प्रिंटर कार्ट्रिज ओळखत नाही: कंपनीची लूट की भरणाऱ्याची घाण?

मेधा_कर्वेनगर: घरच्या प्रिंटरची काळी आणि रंगीत अशी दोन्ही कार्ट्रिज तापकीर गल्लीजवळच्या एका दुकानातून भरून आणली. लावली तर स्क्रीनवर Incompatible cartridge. दुकानदार म्हणतो, "कंपनीने चिप लॉक केली, आता नवीनच घ्या." अहो, पण कार्ट्रिज तीच आहेत, पहिल्यापासून ह्याच प्रिंटरमधली! मला तर ही सरळसरळ लूट वाटते. तुमचं मत काय? आणि काही उपाय असला तर तोही सांगा.

सदाशिवपेठी: लूटच आहे, त्यात मत कसलं मागता? १३ सप्टेंबर २०१६ ला एचपीच्या बऱ्याच ऑफिसजेट प्रिंटरांनी जगभर एकाच दिवशी बाहेरची कार्ट्रिज नाकारली. आधीच्या फर्मवेअरमध्येच, म्हणजे प्रिंटरच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्येच, ते पेरून ठेवलेलं होतं. बोंबाबोंब झाली तेव्हा कंपनीने ते काढणारं फर्मवेअर दिलं. तुमच्याकडेही रातोरात अपडेट आलं असणार. वायफाय तोडा, ऑटो अपडेट बंद करा.

शाईवाला_काका: मी बरीच वर्षं प्रिंटर दुरुस्तीत काढली, म्हणून थोडं लांबवतो. सदाशिवपेठी, घटना खरी आहे, पण इथे ती लागू पडत नाही. ते फर्मवेअर परकी चिप असलेल्या कार्ट्रिजना अडवत होतं. मूळ चिप तशीच ठेवून नुसती शाई भरली असेल तर ते अडवत नाही, हे एचपी स्वतःच सांगते. मेधाताईंची कार्ट्रिज मूळचीच आहेत.

ताई, कार्ट्रिज हातात घेऊन बघा. पाठीवर तांबूस पट्टी आणि तिच्यावर बारीक चौकोनी ठिपके आहेत का? आणि तळाला, जिथून शाई येते तिथे, चकचकीत पत्रा आहे का? असेल तर तुमच्या कार्ट्रिजमध्ये कागदावर शाई उडवणारं हेडसुद्धा आतच आहे. वेगळी चिकटवलेली चिप नाही. प्रिंटर त्या ठिपक्यांमधून दोन गोष्टी तपासतो: कार्ट्रिज कुठल्या जातीचं आहे, आणि आतले शाई तापवणारे हीटर धड आहेत का. एक ठिपका जरी टेकला नाही तरी उत्तर अर्धवट येतं, आणि प्रिंटर 'ओळखत नाही' असं लिहून मोकळा होतो. 'ठिपका पुसा' असा मेसेज त्याच्याकडे नाहीच.

आता ठिपके घाण का होतात? रंगीत कार्ट्रिजच्या एकेका कप्प्यात अगदी थोडीच शाई मावते. भरणारा सिरिंज दाबत राहतो, आतला स्पंज तुडुंब होतो, मग शाई तळाच्या पत्र्यातून पाझरते आणि पट्टीवर चढते. ओली असताना दोन ठिपक्यांमध्ये करंट गळतो. वाळली की तिचा पापुद्रा बसतो आणि करंट जातच नाही. दोन्ही वेळा मेसेज एकच.

कोथरूड_टोनर: माझ्या लेझरलाही हाच त्रास! टोनर भरून आणला की नवी चिप चिकटवावीच लागते, नाहीतर रिकामं दाखवतो. ताई, चिप बदलून घ्या, काम होईल.

शाईवाला_काका: तुमचं तुमच्या जागी बरोबर आहे, पण तो प्रकार निराळा. टोनरमध्ये चिप सुटी असते आणि वापर किती झाला हे ती लिहून ठेवते. आत पावडर भरली म्हणून तिच्यावर लिहिलेलं पुसलं जात नाही. सुट्या रंगांच्या टाक्या असलेल्या इंकजेटांतही तसंच, तिथे चिपवरची नोंद पुसणारा रीसेटर लागतो किंवा नवी चिप. ताईंच्या कार्ट्रिजवर बदलायला चिपच नाही, दुकानदाराने तीच सबब सांगितली.

ओरिजिनलच_बरं: मला रोज कोर्टाचे कागद छापावे लागतात. रिफिलच्या शाईने पुसट अक्षरं आली की पक्षकार बोलतो ते वेगळंच. आणि चिपला एवढ्या शिव्या कशाला? शाई संपल्याचं वेळेत सांगते म्हणून हेड वाचतं. कोरडं छापत राहिलं की हीटर जळतात, त्यांना थंड ठेवणारी शाईच नसते.

सदाशिवपेठी: मग सांगावं की! अडवायचं कशाला? २०२२ च्या सुरुवातीला चिपांचा तुटवडा पडला तेव्हा कॅननने युरोपात बिनचिपचे टोनर विकले आणि ग्राहकांना सांगितलं, 'ओळखत नाही' असा मेसेज आला तर ओके दाबून पुढे जा. म्हणजे छपाईला चिप लागत नाही, हे कंपनीनेच कबूल केलं की.

ओरिजिनलच_बरं: छपाई झाली, पण टोनर किती उरला ते नीट कळत नव्हतं, हे का गाळलंत?

शाईवाला_काका: भांडण चालू द्या, ताईंचं काम करू. आधी दोषी कोण ते शोधा. दोन कार्ट्रिजच्या बऱ्याच प्रिंटरमध्ये एक काढून झाकण लावलं तरी एकट्यावर छापता येतं. रंगीत काढा, मेसेज गेला तर रंगीतच बिघडलेलं. तसाच राहिला तर ते परत लावून काळं काढून बघा.

मग डिस्टिल्ड वॉटर घ्या, बॅटरीत घालायचं कुठेही मिळतं. धागे न सुटणारं फडकं नुसतं ओलसर करा आणि फक्त ठिपके पुसा. तळाच्या पत्र्याला हात लावू नका, आणि तिथली शाई वर ठिपक्यांवर ओढू नका. फडक्यावर रंग उठायचा थांबेपर्यंत कोरी बाजू घेत राहा. प्रिंटर बंद करून, वायर काढून, आतल्या कप्प्यातल्या स्प्रिंगच्या पिनाही हलक्या हाताने टिपा. बहुतेक लोक कार्ट्रिज पुसतात आणि पिना विसरतात, मग तीच शाई परत ठिपक्यांना लागते. दहा मिनिटं वाळू द्या. अर्ध्या तासाहून जास्त कार्ट्रिज बाहेर ठेवू नका, हेड सुकतं.

नळस्टॉप_नितीन: पाणी कशाला, आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. लगेच उडतं.

शाईवाला_काका: पिनांना चालेल. कार्ट्रिजला मी पाणीच वापरतो. आयपीए ओघळून पत्र्याच्या कडेच्या चिकटाला लागावं, असं मला वाटत नाही.

नळस्टॉप_नितीन: मी तर तेच वापरतो, अजून एकही कार्ट्रिज गेलं नाही. असो.

मेधा_कर्वेनगर: काका, रंगीत काढल्यावर मेसेज गेला, काळं मस्त छापतंय. रंगीत पुसलं, फडकं जांभळं झालं, पिनाही पुसल्या. पण लावलं की मेसेज परत येतो. एक सांगायचं राहिलं, भरायला देण्याआधी बरेच दिवस त्यातून निळा रंग येत नव्हता आणि लेकीने प्रोजेक्टसाठी तसंच छापत ठेवलं होतं.

शाईवाला_काका: मग निळ्याचे हीटर जळाले असावेत. ते पुसून येत नाहीत, आणि ह्यात चिपही नाही, कंपनीही नाही. एकदा रात्रभर तळ झाकून, टेप ठिपक्यांना न लागू देता ठेवा आणि सकाळी पुन्हा लावून बघा. ठिपक्यांच्या फटीत ओल राहिली असेल तर तेवढ्याने सुटतं. नाहीच सुटलं तर ते कार्ट्रिज गेलं.

ओरिजिनलच_बरं: म्हणजे लेकीचा प्रोजेक्ट आणि दुकानदाराची सिरिंज. कंपनी सुटली!

सदाशिवपेठी: कंपनी कशी सुटली? 'निळ्याचं हेड गेलं' एवढं लिहायला काय जातं? 'इनकम्पॅटिबल' लिहिलं की माणूस घाबरून नवीन घेतो. आणि ताई, दुकानदाराला सोडू नका. भरण्याआधी टेस्ट प्रिंट काढली असती तर तेव्हाच कळलं असतं.

शाईवाला_काका: रिकाम्या कार्ट्रिजची टेस्ट प्रिंट कशी काढणार? मात्र भरल्यावर आपल्याकडच्या प्रिंटरमध्ये लावून दाखवायला हवं होतं, तेवढं त्याचं चुकलं.

मेधा_कर्वेनगर: उद्या तिकडेच जाते. त्याच्यासमोर लावून दाखव म्हणते, आणि रंगीतचे पैसे मागते. काळ्याचे राहू देत, ते चालतंय.