राजीनाम्याच्या पत्रात खरे कारण लिहावे की नाही?

कोपरीकर: तुर्भ्याच्या एमआयडीसीतील एका खाद्यपदार्थ कंपनीत मी मार्केटिंग मॅनेजर आहे. आमच्या ओट्स आणि सुक्यामेव्याच्या बारच्या वेष्टनावर ‘साखर घातलेली नाही’ असे छापले जाते, पण त्यात खजुराची पेस्ट आहे आणि प्रयोगशाळेच्या अहवालात १०० ग्रॅममागे ३१ ग्रॅम साखर आली आहे. दावा काढून टाकण्याची माझी सूचना संचालकांनी ईमेलने दोनदा फेटाळली. आता जाहिरातीत ‘मधुमेह असणाऱ्यांनाही चालेल’ ही ओळ हवी आहे, म्हणून मी नोकरी सोडत आहे. पत्रात ‘कंपनी ग्राहकांची सरळसरळ फसवणूक करीत असल्यामुळे मी येथे काम करू शकत नाही’ असे लिहिले आहे. ते ठेवावे, की ‘वैयक्तिक कारणास्तव’ म्हणून मोकळे व्हावे?

शेवटची लोकल: मी मनुष्यबळ विभागात बरीच वर्षे काम केले आहे आणि माझे मत स्पष्ट आहे की राजीनामा दोन ओळींचा असावा. पुढच्या कंपनीची माणसे चौकशीसाठी फोन करतात तेव्हा ‘त्यांनी जाताना आरोप केले होते’ एवढे एकच वाक्य तुमची संधी घालवू शकते. रिलीव्हिंग लेटर आणि शेवटचा हिशेब हातात येईपर्यंत भांडण ओढवून घेऊ नये. शिवाय असे पत्र म्हणजे थेट बदनामीचा गुन्हा होतो. आणि खजूर हे फळच आहे. साखर वरून घातलेली नसेल, तर दावा खोटा कसा म्हणायचा?

लेबलतपासनीस: वरच्या प्रतिसादातील अर्धी गोष्ट बरोबर आहे, पण खजुराबद्दलची नाही. खाद्यपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांविषयीचे एफएसएसएआयचे २०१८ चे नियम केवळ ‘साखर ओतली का’ एवढेच पाहत नाहीत. साखरेच्या जागी गोडव्यासाठी वापरलेला, स्वतःच साखर असलेला घटक पदार्थात नसावा, अशी त्यात अट आहे, आणि तिथे दिलेल्या उदाहरणांत सुक्या फळांची पेस्ट आहे. बारमध्ये खजुराचे तुकडे चावायला लागत असते तर वाद घालता आला असता. पेस्ट मात्र गोडी आणि चिकटपणा यांसाठीच घातली जाते.

म्हणूनच, ताई, तुमचा भर चुकीच्या कागदावर आहे असे मला वाटते. प्रयोगशाळेचा ३१ ग्रॅमचा आकडा एकूण साखरेचा आहे. त्यात बेदाण्याची स्वतःची साखरही आली आणि पेस्टचीही आली, आणि यातली घातलेली कोणती हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. तो आकडा दावा खोटा ठरवत नाही. तो ठरवते घटकांची यादी, आणि ती तर प्रत्येक वेष्टनावर छापलेली आहे. आकड्याचे महत्त्व मधुमेहाच्या ओळीसाठी आहे. ४० ग्रॅमच्या एका बारमध्ये १२.४ ग्रॅम, म्हणजे सुमारे तीन चमचे साखर जाते, आणि ‘चालेल’ हे वाचून एखादे आजोबा चहाबरोबर दोन बार खातील. ही ओळ मला दाव्यापेक्षाही जास्त गंभीर वाटते.

आता पत्राबद्दल. ‘फसवणूक’ हा शब्द काढून टाका, कारण त्यात हेतूचा आरोप आहे आणि तो तुम्हाला सिद्ध करता येणार नाही. घडलेल्या गोष्टी लिहिल्या की सिद्ध करण्यासारखे काही उरत नाही. मी असे लिहिले असते: ‘घटकांच्या यादीत खजुराची पेस्ट असताना वेष्टनावर व जाहिरातीत साखर घातलेली नाही असा दावा केला जातो. तो मागे घ्यावा, असे मी अमुक आणि अमुक तारखेच्या ईमेलने कळवले होते. ते मान्य झाले नाही. मधुमेहाचा उल्लेख असलेल्या कोणत्याही मजकुराला मी मंजुरी दिलेली नाही आणि नोटीस पीरियडमध्येही देणार नाही.’

यातले शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे आहे. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ५३ प्रमाणे दिशाभूल करणारी जाहिरात प्रसिद्ध करणाऱ्यालाच नव्हे, तर त्या प्रसिद्धीत सहभागी असलेल्या कोणाही व्यक्तीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तुम्ही राजीनामा दिला तरी नोटिशीच्या काळात एजन्सी तुमच्याकडेच मंजुरी मागणार. ‘वैयक्तिक कारणास्तव’ लिहिलेत, तर उद्या तीच जाहिरात तुमच्या कारकिर्दीतली म्हणून दाखवली जाईल आणि तुमच्या बाजूने एक कागदही नसेल.

बदनामीबद्दल थोडेसे. पत्र ज्याच्या हाताखाली काम करता त्याच्यापुरतेच ठेवले आणि त्यात घडलेलेच लिहिले, तर धोका फार कमी असतो. तेच पत्र वितरकांच्या व्हॉट्सॲप गटात टाकले, तर मात्र चित्र बदलते.

वागळे इस्टेट: माझ्या मागच्या कंपनीने नोटिशीचे दिवस भरले नाहीत म्हणून माझा पगार कापला आणि रजेचे पैसेही दिले नाहीत. त्यामुळे तुमच्या नेमणूकपत्रात नोटिशीचे किती दिवस आहेत ते आधी पाहा, नाहीतर पत्र कितीही चांगले लिहिले तरी शेवटी पैसे अडकतात.

कोपरीकर: धन्यवाद, पण नोटीस मी पूर्ण भरणार आहे, माझा प्रश्न पत्रातील मजकुराचा होता. ‘फसवणूक’ हा शब्द काढायला मला जड जाते, हे मोकळेपणाने सांगते. लोक मुलांच्या डब्यात हा बार घालतात.

सजग ग्राहक: पत्रातील शब्दांवर एवढी चर्चा चालू आहे, पण त्या पत्राने बाजारातले एक तरी वेष्टन बदलणार आहे का? कंपनी नवा मॅनेजर आणील आणि तो ती ओळ मंजूर करील. माझ्या मते ताईंनी राजीनामा देऊच नये, किंवा दिलाच तर त्याच दिवशी एफएसएसएआयकडे तक्रार करावी आणि सोबत प्रयोगशाळेचा अहवाल जोडावा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे केंद्रीय प्राधिकरणही उत्पादकाला दहा लाखांपर्यंत दंड करू शकते. आत राहून माहिती असलेल्या माणसाने गप्प बसणे मला पटत नाही.

लेबलतपासनीस: तक्रारीला माझा विरोध नाही, अहवाल जोडण्याला आहे. तो कंपनीचा अंतर्गत कागद आहे आणि नेमणुकीच्या करारात गोपनीयतेचे कलम असण्याची दाट शक्यता आहे, त्यामुळे मूळ मुद्दा बाजूला पडून ताईंवरच कारवाई सुरू होईल. त्याची गरजही नाही. ठाण्यातल्या एखाद्या दुकानातून बिलासह एक बार विकत घ्यावा, बॅच क्रमांक दिसेल असे वेष्टनाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत आणि जाहिरात जिथे दिसली तिथली प्रत ठेवावी. दावा आणि पेस्ट एकाच वेष्टनावर आहेत. हा पुरावा कोणाही ग्राहकाला मिळू शकतो आणि तो कोणाच्या कपाटातून काढलेला नसतो.

शेवटची लोकल: पेस्टचा नियम मला माहीत नव्हता, तो मुद्दा मान्य. तरीही माझा सल्ला बदलत नाही. राजीनामा दोन ओळींचा ठेवा आणि वरचा परिच्छेद त्याच दिवशी स्वतंत्र ईमेलने पाठवा. नोंदही होईल आणि पुढच्या कंपनीला दाखवायचे पत्रही स्वच्छ राहील.

सजग ग्राहक: म्हणजे पुन्हा तेच झाले. जे पत्र चार लोक वाचतील त्यात खरे नाही, आणि जिथे खरे आहे ते कोणी उघडणार नाही.

लेबलतपासनीस: दोन कागद करायला हरकत नाही, मात्र राजीनाम्यात ‘कारण आजच्या ईमेलमध्ये नमूद केले आहे’ एवढे वाक्य हवे. ते नसेल, तर दोन्ही कागदांचा एकमेकांशी संबंध नाही असे कंपनी म्हणू शकते.

कोपरीकर: ते वाक्य घालते आणि परिच्छेद ईमेलने पाठवते. तक्रारीचे अजून ठरवलेले नाही. माझ्या हाताखालच्या दोघी तिथेच राहणार आहेत आणि संशय आधी त्यांच्यावर येईल. त्यांच्याशी बोलल्याशिवाय मी पुढे जाणार नाही, मग ते सजग ग्राहक यांना पटले नाही तरी चालेल.